दोन महाभारतं आणि एक घड्याळ

२०१३च्या सप्टेंबरात स्टार प्लसवर नवं 'महाभारत' सुरू झालं, आणि दोन-तीन आठवड्यांतच आमच्याकडे येणाऱ्या पेपरच्या रविवार पुरवणीत तो अपेक्षित स्तंभ आला. वर शेजारी शेजारी दोन फोटो. डावीकडे नितीश भारद्वाज, उजवीकडे सौरभ राज जैन. खाली पात्रागणिक तुलना. मुकेश खन्नांचा भीष्म आणि आरव चौधरीचा भीष्म, गुफी पेंटलांचा शकुनी आणि प्रणीत भटचा शकुनी, अशी ती यादी. निकाल पहिल्या ओळीतच लागलेला होता. जुनं ते सोनं, आणि नव्यांचे दंड फार फुगलेले.

आमच्या मुलुंडच्या काकांनी ते कात्रण कापून ठेवलं, आणि घरी येईल त्याला वाचायला दिलं. (काका बँकेतून निवृत्त, त्यामुळे कात्रणावर तारीख आणि पेपरचं नाव लाल पेनने.) २००८ साली एनडीटीव्ही इमॅजिनवर सागर मंडळींनीच आपलं 'रामायण' पुन्हा काढलं, तेव्हाही असेच स्तंभ आले होते. त्या वेळी अरुण गोविल विरुद्ध गुरमीत चौधरी असा सामना होता. ज्यांनी मूळ मालिका पाहिलेली आहे त्यांच्यासाठीच हे लिहिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर वाचायला मजा येते. आपली आठवण बरोबर होती, असं कुणीतरी छापून दिलेलं असतं.

पण मला त्या स्तंभांत एक गोष्ट नेहमी राहून गेल्यासारखी वाटते. ते चेहरे तपासतात, घड्याळ तपासत नाहीत. दोन महाभारतांत जो फरक आपल्याला जाणवतो, तो नटांमुळे थोडा आणि वेळापत्रकामुळे फार, असं माझं मत आहे. ते जमेल तसं मांडतो. नातेवाईक मंडळींनी भांडायला यावं, चहा मिळेल.

आधी थोडा हिशेब. बी. आर. चोप्रांची मालिका २ ऑक्टोबर १९८८ला सुरू झाली आणि २४ जून १९९०ला संपली. दोन्ही दिवस रविवार. एकूण ९४ भाग, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा. म्हणजे सत्तर तासांच्या आसपास. सिद्धार्थ कुमार तिवारींची नवी मालिका १६ सप्टेंबर २०१३ ते १६ ऑगस्ट २०१४, रोज रात्री, २६७ भाग. जाहिराती काढल्या की एका भागात वीस-एकवीस मिनिटं उरतात. म्हणजे नव्वदएक तास.

मी हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा चकित झालो. माझी समजूत होती की नवी मालिका जुन्याच्या तिप्पट लांब आहे, कारण भाग जवळजवळ तिप्पट. प्रत्यक्षात ती फार तर एक तृतीयांशाने लांब आहे. मग ती इतकी पसरलेली का वाटते? आणि जुनी, जिच्यात माणसं सिंहासनावर बसून नुसती बोलत असत, ती इतकी भरीव का वाटते?

माझं उत्तर असं. जुन्या मालिकेला आठवड्यातून एक बैठक मिळायची. जाहिराती आधी रांगेत उभ्या असायच्या (त्या संपेपर्यंत आमच्या चाळीत पोह्यांच्या बश्या फिरून व्हायच्या), आणि एकदा शंख वाजला की पाऊण तास तुमचा. लेखकाला ठाऊक असायचं की प्रेक्षक उठणार नाही. रिमोट नव्हता, आणि असता तरी दुसरं चॅनेल कुठलं लावणार? त्यामुळे एका सभेला वीस मिनिटं देता यायची. एक जण मुद्दा मांडतोय, दुसरा खोडतोय, तिसरा गप्प आहे आणि त्याचं गप्प राहणं आपल्याला टोचतंय, हे सगळं एका दमात.

नव्या मालिकेत वीस मिनिटांत दोन-तीन वेळा जाहिरात येणार. प्रत्येक वेळी प्रेक्षक हातातून निसटण्याची भीती. म्हणून दर सहा-सात मिनिटांनी एक धक्का लागतो, आणि भागाच्या शेवटी मोठा धक्का. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला त्या धक्क्याची उजळणी. धक्का बोलण्याने देता येत नाही, चेहऱ्याने देता येतो. म्हणून कुणी काही म्हटलं की दरबारातल्या आठ जणांचे चेहरे एकेक करून, ढोल वाजवत. ही रीत तिवारींनी शोधलेली नाही. २०००नंतरच्या सासू-सुनांच्या रोजच्या मालिकांनी ती बसवली होती, आणि साडेआठच्या वेळेला दुसरी रीत चालवणं कठीणच होतं. वाक्य जिथे संपतं तिथे जुनी मालिका पुढे जाते, नवी तिथे थांबून बघते.

आता एकच प्रसंग घेऊ, द्यूतसभेचा. कारण सगळे स्तंभ तिथे येऊन रूपा गांगुली की पूजा शर्मा एवढंच विचारतात.

व्यासांच्या सभापर्वात या प्रसंगाचा कणा म्हणजे एक प्रश्न आहे. द्रौपदीला आणायला प्रातिकामी जातो. ती त्याच्याबरोबर येत नाही, त्याला उलट पाठवते. जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी तू स्वतःला हरलास की मला? प्रश्न साधा दिसतो, पण तो कायद्याचा आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर तो दास झाला, आणि दासाला पणाला लावायला स्वतःचं असं काय उरतं? पण उलट बाजूने, नवरा दास झाला म्हणून बायकोवरचा त्याचा अधिकार संपतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. कौरवांतलाच विकर्ण उठून सांगतो की ती जिंकली गेलेलीच नाही, आणि कारणं देतो. ती पाचांची पत्नी, एकट्याला लावता येत नाही. स्वतःला हरल्यावर लावली. आणि तिचं नाव तर शकुनीने सुचवलं. कर्ण त्याला खोडून काढतो, आणि वस्त्रं उतरवायची आज्ञा त्याच्याच तोंडून येते. म्हणजे सगळी सभा एका वादाच्या भोवती फिरते, आणि वस्त्रहरण त्या वादाच्या मधोमध घडतं.

मराठी वाचकांना इथे इरावतीबाई आठवतील. 'युगान्त'मध्ये त्यांनी द्रौपदीच्या या प्रश्नाचं कौतुक केलेलं नाही. भर सभेत पांडित्य करून कायद्याचा काथ्याकूट करणं ही तिची घोडचूक होती, अशा रोखाने त्या लिहितात. मला ते पूर्वी पटत नसे. आता अर्धं पटतं. प्रश्नाचं उत्तर काहीही आलं असतं तरी तिचं नुकसानच होतं, कारण एका उत्तराने ती दासी होते आणि दुसऱ्याने नवऱ्याला दास ठरवून त्याच्यापासून सुटते. असो, मुद्दा वेगळा आहे.

जुन्या मालिकेने हा वाद ठेवला. ती मालिका लिहिली राही मासूम रझांनी, 'आधा गाँव'चे लेखक, आणि सल्लागार होते पंडित नरेंद्र शर्मा. (पंडितजी मालिका चालू असतानाच, फेब्रुवारी १९८९मध्ये गेले.) रझा कादंबरीकार आणि सिनेमाचे संवादलेखक, त्यामुळे त्यांचा भरवसा वाक्यावर. द्रौपदी एकेका वडीलधाऱ्याकडे वळते, त्याला त्याच्या नात्याने हाक मारते आणि विचारते. प्रत्येकाची मान कशी खाली जाते ते आपण पाहतो, पण आधी प्रश्न ऐकतो. साडीचा प्रसंग येतो तो या सगळ्यानंतर. रूपा गांगुलींसाठी अडीचशे मीटर सलग कापड आणवलं होतं, असं सांगितलं जातं. आज ते दृश्य बघताना कापड कापडासारखंच दिसतं, वरून कृष्ण सोडतोय हे कळतं, आणि तरी अंगावर काटा येतो, कारण तोवर सभेतल्या प्रत्येकाचा गुन्हा आपल्या नावानिशी नोंदवून झालेला असतो.

नव्या मालिकेत हा प्रसंग कितीतरी रात्री चालला. पूजा शर्मा चांगली नटी आहे, तिचा आवाज खर्जातला आणि ठाम. पण तिला दिलेलं बोलणं प्रश्नापेक्षा भाषणाच्या अंगाने जातं. स्त्रीचा सन्मान, समाजाची जबाबदारी, गप्प राहणाऱ्यांचं पाप. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत जे घडलं त्यानंतर वर्षभराच्या आत ही मालिका आली हे लक्षात ठेवलं, तर ते तसं का आहे हे समजतं, आणि त्या वेळी घराघरांत ते पोचलंही. पण त्यात 'आधी स्वतःला की मला' हा काटा बोथट झाला. कायद्याच्या पेचात अडकलेली सभा जाऊन तिथे वाईट माणसांची सभा आली. वाईट माणसांना शिव्या देणं सोपं असतं. भीष्माला उत्तर येत नाही, हे जास्त भयंकर आहे.

आता जुन्याच्या भक्तांनी फार खूष होऊ नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने जी चिकित्सक आवृत्ती काढली, जिचं काम १९१९ला सुरू होऊन १९६६ला पुरं झालं, तिच्यातलं सभापर्व एजर्टन या अमेरिकन पंडितांनी संपादित केलं. देशभरच्या हस्तलिखितांची ताळमेळ लावून त्यांनी जो पाठ ठरवला, त्यात द्रौपदी कृष्णाचा धावा करते ते श्लोक मुख्य संहितेत नाहीत, तळटीपेत गेले आहेत. तिथे वस्त्रामागून वस्त्र निघतं, कुठून ते सांगितलेलंच नाही. दोन्ही मालिकांनी कृष्ण आणला, आणि ते योग्यच केलं, कारण लोकांच्या महाभारतात तो शेकडो वर्षं आहे. पण आणखी एक बघा. जुन्या मालिकेतलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य म्हणजे मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदीने मारलेला टोमणा, आंधळ्याचा मुलगा आंधळा. काका आजही म्हणतात, 'सगळं त्या एका वाक्याने झालं बघ.' भांडारकरच्या संहितेत हे वाक्य नाही. तिथे भीम हसतो, बाकीचे भाऊ हसतात, नोकरचाकर हसतात. प्रसंगाच्या थेट वर्णनात द्रौपदी त्या हसणाऱ्यांत नाही. म्हणजे जिच्यावर युद्धाचं खापर फुटतं ती त्या वर्णनात हजरही नाही. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'पुण्याच्या लोकांना काय कळतंय, मी स्वतः टीव्हीवर बघितलंय.'

चोप्रांच्या मालिकेचं मूळ बळ मला विचाराल तर पहिल्याच भागात आहे, आणि कुठल्याही तुलनेत त्याचा उल्लेख मी वाचलेला नाही. मालिका कुरुकुळाच्या भांडणापासून सुरू होत नाही. ती सुरू होते भरत राजापासून (राज बब्बर). भरताला नऊ मुलं, पण राज्य करायच्या लायकीचा एकही नाही, म्हणून तो भूमन्यूला युवराज करतो. आदिपर्वात ही गोष्ट जेमतेम काही श्लोकांची आहे, आणि तिथला रोख यज्ञाने मिळालेल्या मुलावर आहे. रझांनी ती उचलून पायात घातली. राजा जन्माने ठरावा की लायकीने? मग शंतनू लग्नाच्या मोहापायी तो नियम मोडतो, धृतराष्ट्र मुलाच्या मोहापायी पुन्हा मोडतो, आणि सगळं महाभारत म्हणजे त्या मोडलेल्या नियमाची फळं. हे पाहताना देशात राजीव गांधींचं सरकार होतं. मालिका चालू असतानाच, नोव्हेंबर १९८९मध्ये, निवडणूक होऊन ते गेलं. चाळीतली मोठी माणसं पोहे खाता खाता दोन्ही विषय एकत्रच बोलत, हे मला पक्कं आठवतं. धृतराष्ट्र कोण आणि दुर्योधन कोण यावर मात्र एकमत नसे.

नव्या मालिकेने हा पायाच घेतला नाही. ती शंतनू आणि सत्यवतीपासून निघते (शंतनू आपले समीर धर्माधिकारी), आणि कथा कुटुंबाची होते. कुणी कुणाला काय वचन दिलं, कुणाचा अपमान झाला, कुणाच्या मनात काय सल राहिला. पुन्हा तेच घड्याळ. राज्यशास्त्राचा एक प्रश्न आठवड्यातून एकदा डोक्यात घोळवता येतो. रोज रात्री साडेआठला, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, सल जास्त चालतो.

पण या बदलाने काही फायदेही झाले, आणि ते स्तंभांनी कधी मान्य केले नाहीत. बायकांना वेळ मिळाला. जुन्या मालिकेत द्रौपदी अग्नीतून येते आणि लगेच स्वयंवराकडे चालायला लागते. नवीन मालिकेत, मुलगा हवा म्हणून यज्ञ करणाऱ्या द्रुपदासमोर ती नको असलेली मुलगी म्हणून उभी राहते, आणि बाप तिला स्वीकारत नाही हे आपण बरेच दिवस बघतो. पुढे सभेत ती एकटी पडते तेव्हा तिला ते नवीन नसतं. अंबा (रतन राजपूत) आणि तिचाच पुढचा जन्म शिखंडिनी (शिखा सिंह) यांचंही तसंच. भीष्माच्या प्रतिज्ञेची किंमत कुणी भरली, हे जुन्यापेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतं. जुन्यात भीष्म इतका भव्य आहे की त्याच्यावर रागावायला वेळ लागतो.

कर्णाबद्दल मराठी माणसाने बोलू नये, कारण आपण पूर्वग्रहदूषित आहोत. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७चं, रणजित देसाईंचं 'राधेय' त्यानंतरचं. पंकज धीर पडद्यावर येण्याच्या वीस वर्षं आधीपासून आपण कर्णासाठी रडत होतो. अहम शर्माचा कर्ण हा तर जवळजवळ नायकच. त्या भरात, वस्त्रं उतरवा असं सांगणारा हाच, ही गोष्ट दोन्ही मालिकांत आणि दोन्ही कादंबऱ्यांत गिळायला जड जाते.

आणखी एक फरक, गोष्ट सांगणाऱ्याचा. जुन्या मालिकेत सांगतो तो समय, म्हणजे काळ. हरीश भिमानींचा आवाज, मागे फिरणारं चक्र, 'मैं समय हूँ'. त्याला चेहरा नाही आणि तो कुणाच्याच बाजूचा नाही. नव्यात सांगतो तो कृष्ण. मधेच गोष्ट थांबवून तो आपल्याकडे वळतो, मोह म्हणजे काय, भय म्हणजे काय ते मिनिटभर समजावतो आणि म्हणतो, 'स्वयं विचार कीजिए'. माझ्या पिढीला हे फार खटकलं. कारण गोष्टीतलाच एक माणूस, ज्याने शेवटी डाव कसा पडायचा ते ठरवलेलं आहे, तोच निवेदक झाला तर त्याच्यावर प्रश्न कुणी विचारायचे? द्रोणाला मारताना अश्वत्थाम्याचं खोटं, रुतलेलं चाक, कमरेखालची गदा. समय हे सांगताना जड आवाजात थांबू शकतो. कृष्ण स्वतः सांगायला लागला की ते समर्थन होतं.

यावर मला गप्प केलं ते भाचीने. ती बोरिवलीची. नवी मालिका आली तेव्हा आठ वर्षांची होती. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि २८ तारखेपासून डीडी भारतीवर जुनं महाभारत पुन्हा सुरू झालं, तेव्हा ती, ताई आणि भाऊजी घरात अडकलेले. ताईने हौसेने लावलं. भाची बघे आणि संध्याकाळी मला फोन करून अहवाल देई.

'मामा, हे लोक एवढं बोलतात का?'

'ऐक की मग. चांगलं बोलतात.'

'हो, पण दोन भाग लागोपाठ नाही झेपत. डोकं दुखतं. आणि ते भ्राताश्री, माताश्री... मम्मीला मी आता माताश्रीच म्हणते.'

(ही श्री लावलेली संबोधनं रझांनी घडवली असं म्हणतात. खरंखोटं काही असो, १९८९ साली आमच्या शाळेत प्रत्येक जण भ्राताश्री होता.)

तिचं दोन भागांबद्दलचं म्हणणं मी आधी उडवून लावलं, मग स्वतः लावून बसलो. तिचं खरं होतं. दूरदर्शन आता तीच मालिका रोज दाखवत होतं, दुपारी एक भाग आणि संध्याकाळी एक. आठवड्याचं अंतर गेलं, आणि ते अंतर मालिकेचाच भाग होतं हे तेव्हा कळलं. मागच्या रविवारी विदुर काय म्हणाला यावर सोमवारी लोकलमध्ये, मंगळवारी नळावर, बुधवारी शाळेत बोलणं व्हायचं, आणि पुढचा रविवार येईपर्यंत ते वाक्य मुरलेलं असायचं. एका दिवसात चौदा दिवसांचं ऐकलं की वाक्यं एकमेकांवर आदळतात. युद्धाचे भाग तर फारच उघडे पडले. दोन बाण हवेत भेटतात, एक विझतो, दुसरा पुढे जातो. एका रविवारी त्यातले पाच-सहा गोड वाटायचे, रोज बघताना हसू येतं.

उलट नवी मालिका तिने मला मोबाईलवर दाखवली, जाहिराती आणि उजळण्या पळवत, सलग. तीसुद्धा वेगळीच वाटली. आठ चेहरे पळवता आले, आणि जे उरलं ते बरंच घट्ट होतं. देखणीही होती. कपडे भानू अथैया यांचे, म्हणजे ऑस्करवाल्या आपल्या कोल्हापूरच्या भानुताई, आणि ते अंगावर वजनदार पडतात. संगीतात अजय-अतुल. जुन्या मालिकेचा हस्तिनापूर आमच्या शेजारी, गोरेगावच्या फिल्मसिटीत उभा राहिला होता, आणि सिंहासनामागचा पडदा पडदाच वाटायचा. नव्याचा हस्तिनापूर उंबरगावला, डहाणूच्या पुढे, जिथे सागरांनी आपलं जुनं 'रामायण' चित्रित केलं होतं. भाचीचं म्हणणं की कृष्ण थांबून समजावतो तेव्हा तिला आठव्या वर्षी बरं वाटायचं, कारण घरात दुसरं कुणी समजावत नव्हतं. आजी गेलेली, आई-बाबा साडेआठला चर्चगेटहून आलेल्या गाडीतून उतरत असायचे. आमच्याकडे रविवारी पोह्यांबरोबर अख्खी चाळ समजवायला बसलेली असे. म्हणून समयला गप्प राहणं परवडत होतं.

नितीश भारद्वाज विदुराच्या भूमिकेसाठी गेले होते आणि वय कमी पडलं म्हणून ती गेली, असं त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. आपला पशुवैद्य मराठी मुलगा कृष्ण झाला आणि १९९६ला जमशेदपूरमधून खासदारही. त्यांच्या कृष्णाचं हसू स्तंभवाल्यांनी खूप वाखाणलं. मला त्यापेक्षा त्यांचं ऐकणं आवडतं. शिष्टाईच्या सभेत दुर्योधन बोलत असताना कॅमेरा कृष्णावर नाही, तरी कडेला तो ऐकताना दिसतो. नव्या मालिकेत कुणी नुसतं ऐकताना दिसत नाही. चेहऱ्यावर कॅमेरा आला की त्याने काहीतरी करायचं असतं.

जुन्यातले गुफी पेंटल २०२३मध्ये गेले, भीम झालेले प्रवीणकुमार त्याआधी २०२२मध्ये. त्या प्रत्येक वेळी काकांचं कात्रण बाहेर निघालं. आता त्याच्या घड्या फाटायला आल्यात.

दोन्ही मालिका एका बाबतीत मात्र सारख्याच वागल्या. युद्ध झालं, युधिष्ठिर राजा झाला, आणि पडदा. जुन्यात शरशय्येवरचे भीष्म निरोप घेतात तिथे. त्यापुढची पर्वं, म्हणजे धृतराष्ट्र-गांधारी-कुंती वणव्यात जळतात, यादव दारू पिऊन एकमेकांना मुसळांनी मारतात, कृष्णाला पारध्याचा बाण लागतो, अर्जुनाला गांडीव पेलेनासं होतं, आणि शेवटी सहा जण आणि एक कुत्रा हिमालयाकडे चालू लागतात, ही कुणीच दाखवली नाहीत. आठवड्याच्या घड्याळात बसली नाहीत आणि रोजच्याही नाही. भाचीला हे मी फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. 'राजा झाल्यावर अजून एवढं आहे?' म्हणाली. कुत्र्याचं पुढे काय होतं ते तिने दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही. टाळेबंदी उठल्यावर माझ्याकडचं भाषांतराचं शेवटचं पुस्तक घेऊन बोरिवलीला गेलो. ते अजून तिच्याकडेच आहे.